उंची कमी असेल तर मोटारसायकल कशी निवडावी: सीट, वजन आणि सिग्नलला टेकणारा डावा पाय

माझी उंची पाच फूट एक इंच. गेली चौदा वर्षं मी पुण्यात मोटारसायकल चालवते आहे, आणि या काळात जेवढ्या वेळा गाडी माझ्या हातून आडवी झाली, तेवढ्या सगळ्या वेळा ती थांबताना झाली. चालत्या गाडीला तुमची उंची किती आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. प्रश्न येतो तो शेवटच्या अर्ध्या सेकंदात. गाडीचा वेग संपलेला असतो आणि पाय अजून जमिनीला लागलेला नसतो. गाडी निवडताना तपासायचं ते एवढंच: तो अर्धा सेकंद या गाडीवर तुम्हाला पेलतो का?

गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी गाडी बघायला आम्ही तीन शनिवार फिरलो. तिची उंची पाच फूट दोन इंच, वजन 50 किलो. रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचं आणि ऑफिसचं पार्किंग तळघरात, म्हणजे रोज उताराचा रॅम्प. तिला रॉयल एनफिल्डची हंटर 350 हवी होती. हा लेख बहुतेक तिच्याच गाडीच्या शोधातून लिहिला आहे, पण पाच फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंतच्या कुणालाही, बाईला किंवा पुरुषाला, याच पायऱ्या लागू पडतील.

आधी घरी: स्वतःचं माप

उंची किती ते सोडा, पायाची आतली लांबी मोजा. सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या पायांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून वर सरकवा, सायकलच्या सीटवर बसल्यासारखं घट्ट टेकेपर्यंत. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. भाचीचं आलं 73 सेंटिमीटर. गाडी चालवताना जे बूट घालणार त्यांच्या तळव्याची जाडी यात मिळवायची. तिच्या बुटांचे अडीच सेंटिमीटर धरले, म्हणजे साडेपंचाहत्तर.

आता ब्रोशरमधली सीटची उंची बघा. ती मिलिमीटरमध्ये असते: 785 म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. आकडे समोर ठेवले की वाटतं, तीन सेंटिमीटर कमी पडतात, विषय संपला. तसं होत नाही, कारण दोन गोष्टी या हिशोबात येतच नाहीत. एक, तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन दबतं आणि सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली जाते. मऊ सस्पेन्शनवर जास्त जाते, कडक सस्पेन्शनवर कमी, आणि बसणारा हलका असेल तर आणखी कमी. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे. पाय सरळ खाली जात नाहीत, ते सीटला वळसा घालून जातात. टाकीजवळ सीट जितकी रुंद तितक्या मांड्या फाकतात आणि तितकी पायाची लांबी वाया जाते. दोन गाड्यांची सीट कागदावर एकाच उंचीची असते, पण एकीवर चवडा भक्कम टेकतो आणि दुसरीवर फक्त बोटं लागतात, ते या रुंदीमुळे. ब्रोशरमध्ये ती रुंदी छापलेली नसते. म्हणून घरी बसून गाड्यांची यादी छोटी करता येते, पण गाडी ठरवता येत नाही.

शोरूममध्ये: टाचेखालची फट

जाताना स्वतःचे रोजचे बूट घाला आणि एक माणूस सोबत न्या. गाडी मेन स्टँडवर उभी असेल तर तिच्यावर बसून अंदाज घेऊ नका. मेन स्टँडवर मागचं चाक उचललेलं असतं, त्यामुळे सीट खरी असते त्याहून उंच लागते. गाडी खाली घ्यायला सांगा, दोन्ही चाकं जमिनीवर, साइड स्टँड वर, सेल्समन पुढे हँडल धरून उभा.

मग नेहमी चालवताना बसाल तसंच बसा. टाकीला चिकटून पुढे सरकलात तर पाय जास्त टेकतात आणि माप फसवं येतं. दोन्ही पाय सरळ सोडा, गाडी ताठ ठेवा आणि सोबतच्या माणसाला तुमच्या टाचेखाली बोटं घालून बघायला सांगा. तीन बोटं आडवी मावली म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर फट. तीन बोटांपर्यंत चवडा पूर्ण टेकलेला असतो आणि त्यावर भार घेता येतो. चार बोटं मावून वर जागा उरत असेल तर तुम्ही फक्त बोटांच्या टोकांवर उभे आहात. ती गाडी सपाट फरशीवर उभी राहील, पण खडीवर राहणार नाही.

दोन्ही तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत असं मात्र नाही. नवखे इथेच अडतात आणि चांगल्या गाड्या नाकारतात. सिग्नलला दोन्ही पाय टेकायचेच नसतात. उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो, डावा खाली. म्हणून दुसरी चाचणी एका पायाची: सीटवर तळहाताच्या रुंदीएवढं डावीकडे सरका, उजवा पाय ब्रेकवर ठेवा आणि डावा सोडा. आता टाच टेकते का? टेकत असेल किंवा बोटभरच वर राहत असेल, तर उंचीची परीक्षा पास झाली.

गाडी न कलवता, फक्त स्वतः सरकून पाय टेकला पाहिजे, हा यातला खरा मुद्दा. पाय पोचत नाही म्हणून माणूस नकळत गाडी डावीकडे कलवतो. मी कागदावर मांडून बघितलं: पाय तीन सेंटिमीटर कमी पडत असेल, तर निव्वळ कलवून तो टेकवायला गाडी जवळजवळ दहा अंश कलवावी लागते. साइड स्टँडवर उभी गाडी कलते, जवळपास तेवढं. आणि कललेल्या गाडीचं वजन तुमच्या डाव्या पायावर आणि हातांवर येतं.

वजन: कललेली गाडी किती जड होते

कर्ब वेट म्हणजे ऑइल, बॅटरी, पेट्रोल सगळं धरून रस्त्यावर उतरायला तयार असलेल्या गाडीचं वजन. ताठ उभ्या गाडीचं हे वजन तुम्हाला जाणवतच नाही, ते चाकांवर असतं. 181 किलोची गाडी एका बोटाने सरळ धरून ठेवता येते. सेल्समन तेच करून दाखवतो: "बघा मॅडम, काही वजन नाही!"

ती कलली की चित्र बदलतं. ढोबळ हिशोब असा: गाडीचं वजन जमिनीपासून अर्ध्या मीटरवर एकवटलंय आणि तुम्ही ती एक मीटर उंचीवर हँडलला धरलीय असं समजा. 180 किलोची गाडी पाच अंश कलली तर ती सावरायला 8 किलोचा जोर लागतो. दहा अंशांवर 16 किलो. वीस अंशांवर 31 किलो, तोही आडवा आणि एका झटक्यात. तुम्ही वर बसलेल्या असता, त्याचा भार वेगळाच. 112 किलोची गाडी वीस अंशांवर गेली तर तिला 19 किलो पुरतात. म्हणजे हलक्या गाडीवर चूक झाली तरी ती निस्तरायला वेळ मिळतो. जड गाडीवर एक ठरावीक कोन ओलांडला की गाडी जाऊ द्यावी लागते, आणि हा कोन उंच माणसापेक्षा आपल्यासाठी लवकर येतो, कारण आपला पाय उशिरा टेकतो.

पहिल्या गाडीसाठी माझा स्वतःचा ठोकताळा आहे: गाडीचं कर्ब वेट तुमच्या वजनाच्या तिपटीहून जास्त नको. शास्त्रात असा नियम नाही, पण माझ्या ओळखीतल्या ज्यांनी तो मोडला त्यांनी गाडी आडवी करून पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक लिव्हर बदलले. दोन वर्षं चालवल्यावर चौपट वजनही झेपतं.

टेस्ट राइडच्या गाडीत पेट्रोल नावापुरतं असतं, हेही लक्षात ठेवा. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं. 13 लिटरची टाकी भरली की जवळजवळ 10 किलो वाढतात, आणि तेही सगळ्यात वर, टाकीत. टाकी भरून निघालात की पहिल्या सिग्नलला गाडी वेगळी वाटते ती यामुळे.

चार गाड्या, एक भाची

आम्ही तिला चार गाड्यांवर बसवलं. स्प्लेंडर प्लसची सीट 785 मिलिमीटर, वजन 112 किलो. पल्सर 150 ची सीटही 785, वजन 148. हंटर 350 ची सीट 790 च्या आसपास आणि वजन 181. म्हणजे तिन्ही सीटमध्ये बोटाच्या जाडीचाही फरक नाही, पण वजनात जवळजवळ 70 किलोचा. चौथी मीटियर 350, सीट 765 म्हणजे सगळ्यात ठेंगणी, पण वजन 191.

स्प्लेंडरवर टाचेखाली दोन बोटं मावली, सीट अरुंद आणि सस्पेन्शन मऊ. पल्सरवर तीन बोटं. हंटरवर चार, कारण पुढे सीट भरलेली आहे. मीटियरवर परत तीनच. सीट दोन सेंटिमीटर खाली असूनही पल्सरएवढीच फट, कारण ती रुंद आहे. मीटियरचे पाय ठेवायचे फूटपेग थोडे पुढे आहेत, म्हणून थांबताना पाय खाली सोडण्याआधी मागे आणावा लागतो. तिला ते पहिल्या दोनदा जमलं नाही.

हंटरवर सरकून डावा पाय बरा टेकत होता. "मावशी, टेकतोय की पाय! मग काय प्रॉब्लेम आहे?" असं ती म्हणाली आणि तिचं चूक नव्हतं. सपाट फरशीवर खरंच टेकत होता. मग मी तिला तीन कामं सांगितली, आणि तुम्हीही ती प्रत्येक गाडीवर करून बघा.

पहिलं, साइड स्टँडवरची गाडी बसल्या-बसल्या सरळ करायची. हंटर उभी राहिली, पण दोन झटक्यांत. दुसरं, गाडीवर बसून पावलांनी पाच पावलं मागे यायचं. हे सगळ्यात बोलकं. पुढे ढकलायला बोटं पुरतात, मागे रेटायला चवडा रुतवावा लागतो. शोरूमच्या दारातल्या छोट्याशा चढावर हंटर मागे सरकेना, मीटियरही नाही. पल्सर कशीबशी आली, स्प्लेंडर आरामात. तिसरं, उतरून, गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून, हँडल पूर्ण वळवून गाडी गोल फिरवायची. हँडल डावीकडे पूर्ण वळलं की उजवी मूठ लांब जाते, आणि हात आखूड असले की शरीर गाडीवर ओणवं होतं. त्या क्षणी गाडी पलीकडे कलली तर ती तुमच्या बाजूला नसते, धरता येत नाही. मीटियर फिरवताना सेल्समनला पुढे व्हावं लागलं.

तळघराचा रॅम्प रोजचा आहे हे मी तिला पुन्हा सांगितलं. ती घरी येईपर्यंत गप्प होती, आणि रात्री तिनेच पल्सर म्हटलं. तिच्या 50 किलोंच्या तिप्पट 150 होतात, पल्सर 148. स्प्लेंडर आणखी सोपी होती, पण तिला महिन्यातून एकदा महाबळेश्वरकडे जायचं असतं आणि घाटात थोडा जास्त दम हवा होता. अॅव्हेंजर 160 आम्ही पाहिली नाही. तिची सीट 737 आणि वजन 156 आहे. पाच फूट किंवा त्याहून कमी उंची असेल तर तिथून सुरुवात करा. फक्त गाडी लांब आहे, गल्लीत यू-टर्न मोठा घ्यावा लागतो.

फोम काढायचा, सस्पेन्शनला हात लावायचा नाही

पल्सरची तीन बोटं आम्ही दोनवर आणली, सीट करून देणाऱ्या कारागिराकडे. त्याला सांगायचं ते नेमकं सांगा. बसायच्या जागेचा मधला फोम कापायला सांगू नका, तिथे दोन सेंटिमीटर कमी झाले की तासाभरात कंबर बोलते. टाकीजवळच्या दोन्ही कडा, जिथे मांड्या घासतात, तिथला फोम तिरका उतरवून घ्या. सीटची उंची तेवढीच राहते, पण वळसा कमी होतो आणि पाय सरळ खाली जातात. कव्हर परत लावण्याआधी सीट गाडीवर ठेवून बसून बघा. जास्त कापलेला फोम परत चिकटवता येतो, पण तो पूर्वीसारखा बसत नाही.

मागच्या शॉकअॅब्सॉर्बरला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, पायऱ्या असतात. एकट्याने चालवताना, वजन कमी असेल तर, सगळ्यात मऊ पायरी ठेवा. मागे कुणी बसणार असेल तेव्हा वाढवा. मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून किंवा पुढचा फोर्क वर सरकवून गाडी खाली करून देणारेही भेटतील, पण पहिल्या गाडीवर ते करू नका. गाडी खाली गेली की साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी जवळजवळ ताठ उभी राहते आणि जरा धक्का लागला तर उजवीकडे पडते. स्पीडब्रेकरला पोट घासतं. वळणावर गाडी वागते तीही वेगळी.

सिग्नलला थांबताना

शोरूमची फरशी सपाट असते. आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. डावीकडच्या कडेला थांबलात की डाव्या पायाखालची जमीन आणखी खाली असते. दोन-तीन सेंटिमीटर सहज, म्हणजे फोम कापून कमावलेलं सगळं तिथे गेलं. म्हणून सिग्नलला अगदी डावीकडे जाऊ नका, लेनच्या मधोमध थांबा. माझी एक पडझड अशीच झाली. पावसात, कडेला, डावा पाय टाकला तिथे पाण्याखाली खळगा होता. पाय घोट्यापर्यंत आत गेला, गाडी मागोमाग आली आणि उजव्या हाताने मी ती धरायला गेले, तर मनगट मुरगळलं ते दीड महिना. गाडीचा फक्त आरसा तुटला होता. त्या दिवसापासून मी थांबण्याच्या दहा मीटर आधी पुढच्या चाकाकडे न बघता पाय कुठे पडणार ती जागा बघते. झाकण, पेव्हर ब्लॉक, सांडलेलं ऑइल, आणि पावसात झेब्राचा पांढरा पट्टा, त्यावर चवडा घसरतो. जागा वाईट दिसली तर एक मीटर आधी थांबा, मागच्याने हॉर्न वाजवला तरी.

थांबण्याचा क्रम असा ठेवा. वेग चालण्याइतका आला की क्लच आत, पुढचा ब्रेक हलका सोडायला लागा आणि शेवटची गती मागच्या ब्रेकने संपवा. हँडल सरळ. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी वळलेल्या बाजूला खचकन झुकते, आणि आखूड पायाला तो झोक सावरत नाही. थांबायच्या किंचित आधीच सीटवर डावीकडे सरका, थांबल्यावर नाही. पाय पेगपासून थोडा पुढे आणि बाहेर टाका. शरीराच्या अगदी जवळ टाकलेला पाय गाडी धरत नाही.

चढावर मागचा ब्रेक सोडू नका, डावा पायच खाली. उजवा टेकवावासा वाटतो, पण तेवढ्यात गाडी मागे घसरते. आणि मागे कुणी बसलं असेल तर त्याला आधीच सांगा, मी पाय टेकवेपर्यंत हलू नकोस आणि मी सांगेन तेव्हाच चढ-उतर कर. मागच्याच्या वजनाने सीट थोडी दबते, पाय जरा जास्त टेकतो. पण तो एका बाजूला झुकला की ते सगळं वजन तुमच्या चवड्यावर येतं.

पार्क करतानाही हेच. उताराकडे तोंड करून गाडी लावली की काढताना मागे रेटावी लागते, आणि ते आपल्याला बसून जमत नाही. तोंड चढाकडे ठेवा, म्हणजे निघताना गाडी आपसूक मागे येते, फक्त ब्रेक सांभाळायचा. नाहीतर सरळ उतरा आणि ढकला.

भाचीने डिलिव्हरी घेतली त्या रविवारी सकाळी सहाला आम्ही सोसायटीमागच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. तासभर तिने फक्त थांबणं केलं: पन्नास मीटर जायचं, खडूने काढलेल्या रेघेवर थांबायचं, डावा पाय, परत. पहिल्या दहापैकी चार वेळा तिने पाय टेकण्याआधी गाडी कलवली. तिसाव्या वेळेपर्यंत ती न सांगता आधी सरकायला लागली होती. मग टाकी भरून आणली आणि पुन्हा वीस वेळा थांबली.